कपाटात उपविधींच्या तीन प्रती, आणि कोरम नक्की किती?

आमची इमारत डोंबिवलीत, २६ सदनिकांची. संस्था १९९४ साली नोंदलेली. समितीच्या निवडणुकीत मी महिला जागेवर बिनविरोध आले. मावळत्या सेक्रेटरी काकांनी कपाटाची किल्ली देताना एक पत्रही हातात ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाचं होतं. म्हणणं असं, की गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम नव्हता, म्हणून त्यात मंजूर झालेला दुरुस्ती निधीचा ठराव बाद समजावा. काका म्हणाले, "अहो, काही नाही त्यात. हजेरीपटावर १९ सह्या आहेत, मोजून घ्या."

पत्रात हिशोबही मांडला होता: २६ चे दोन-तृतीयांश म्हणजे १८, आणि खरे मालक आले होते फक्त १६. काकांचे १९ आणि यांचे १६, दोघंही ठाम. उत्तर समितीने द्यायचं होतं आणि समितीत कागद वाचायची सवय असलेली मीच, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. सुरुवात कोरमच्या वाक्यापासून करून चालणार नव्हती. आधी ते वाक्य कुठल्या पुस्तकातलं वाचायचं, हे ठरवायला हवं होतं.

कपाटात उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या नियमांच्या, तीन प्रती निघाल्या. पहिली १९९४ ची, टंकलिखित, कडा पिवळ्या पडलेल्या, प्रत्येक पानावर निबंधक कार्यालयाचा गोल शिक्का. दुसरी फेडरेशनकडून विकत आणलेली छापील पुस्तिका, आदर्श उपविधींची. तिसरी कोणीतरी नेटवरून उतरवून स्पायरल बाइंडिंग केलेली. समितीच्या सभांमध्ये वापरली जायची ती तिसरी, कारण तिचा टाइप मोठा होता.

नवीन माणूस इथेच फसतो. आदर्श उपविधी हा शासनाने दिलेला नमुना असतो. तुमच्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेने तो स्वीकारला आणि निबंधकाने ती दुरुस्ती नोंदवली, तरच तो तुम्हाला लागू होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ प्रमाणे उपविधींतली दुरुस्ती नोंदवली जाईपर्यंत वैध नसते. नुसता ठराव पुरत नाही. दुरुस्तीची नोंदणी न झालेल्या संस्थेला आजही जुनेच उपविधी लागू असतात, भले कपाटात कितीही नवी पुस्तिका असो.

नोंदवलेली प्रत ओळखायला अगदी साध्या खुणा आहेत. नमुन्यात संस्थेचं नाव, पत्ता, अधिकृत भागभांडवल अशा ठिकाणी गाळलेल्या जागा असतात, नोंदवलेल्या प्रतीत त्या भरलेल्या असतात. शिवाय पानोपानी शिक्का आणि सही, आणि सोबत निबंधकाचा आदेश किंवा प्रमाणपत्र, ज्यावर क्रमांक आणि तारीख असते. आमच्या छापील पुस्तिकेत गाळलेल्या जागा तशाच रिकाम्या होत्या, त्यामुळे माझा पहिला समज असा झाला की १९९४ चेच उपविधी चालू असणार. पण इतिवृत्ताच्या वहीत २०१५ चा एक ठराव सापडला: विशेष सर्वसाधारण सभेने नवीन आदर्श उपविधी स्वीकारले. मग पत्रव्यवहाराच्या फायली उपसल्या. पाणीपट्टीच्या बिलांमध्ये टाचलेला उपनिबंधकांचा आदेश मिळाला, आणि त्याच्यामागे शिक्के मारलेली, जागा भरलेली चौथी प्रत. ती मिळाली नसती तर उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून, शुल्क भरून प्रमाणित प्रत घ्यावी लागली असती. चौथ्या प्रतीवर मी मोठ्या अक्षरात तारीख लिहिली आणि तिसरी प्रत कपाटातून बाहेर काढली. मोठा टाइप असो नसो, दोन प्रतींत कलमांचे क्रमांक सारखे नव्हते. एका प्रतीतलं कलम काढून दुसऱ्या प्रतीत बघितलं की भलतंच काहीतरी वाचलं जातं.

पण एवढ्यावर भागत नाही. २०१९ मध्ये अधिनियमात प्रकरण १३-ब आलं, फक्त गृहनिर्माण संस्थांसाठी. आमचे उपविधी २०१५ चे. म्हणजे सहयोगी सभासद कोण, समितीच्या राखीव जागांचं काय, अशा काही मुद्द्यांवर आमच्या पुस्तकातलं वाक्य एक सांगतं आणि कायदा दुसरंच. तिथे कायदा वरचढ. म्हणून वहीत मी प्रत्येक नियमाला चार रकाने पाडले: आमच्या प्रतीतला क्रमांक, शब्दशः मजकूर, कायद्यात त्यावर काही आहे का, आणि आमच्या २६ सदनिकांना लावल्यावर त्याचं काय होतं. शब्दशः यावर मी अडून बसले, कारण आपल्या भाषेत सारांश लिहिला की नेमके 'यापैकी जे कमी असेल ते' असले शब्द गळतात, आणि कोरमचं सगळं गणित त्याच शब्दांवर उभं आहे.

सर्वसाधारण सभेच्या गणपूर्तीचं, म्हणजे कोरमचं, वाक्य हे: एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यापैकी जे कमी असेल ते. तीसपेक्षा जास्त सभासद असतील तर दोन-तृतीयांश २० च्या पुढे जातात, मग २० हाच आकडा धरायचा. शंभर सदनिकांच्या संस्थेलाही २० पुरतात. तीसच्या आत असाल तर मात्र दोन-तृतीयांश लागू होतात आणि प्रत्येक माणूस मोजावा लागतो. लहान इमारतींत कोरमवरून भांडणं होतात ती त्यामुळेच.

आता 'एकूण सभासद' म्हणजे किती? पत्र लिहिणाऱ्यांनी सदनिका मोजल्या, २६. उपविधी मात्र सभासद म्हणतात. सभासद कोण ते ठरतं नोंदवह्यांवरून: आय नमुन्यातली सभासदांची नोंदवही आणि जे नमुन्यातली यादी. मी दोन्ही उघडल्या आणि सदनिकांच्या क्रमाने एकेक नाव ताडून पाहिलं.

दोन ठिकाणी फरक पडला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन सदनिका एकाच व्यक्तीच्या नावावर आहेत, मधली भिंत पाडून एक घर केलेलं. भाग प्रमाणपत्रं दोन असली तरी सभासद एकच, कारण एका सभासदाला एकच मत. दुसरं, पहिल्या मजल्यावरचे एक काका सभेच्या चार महिने आधी वारले होते. कलम २५ प्रमाणे मृत्यूनंतर सभासदत्व संपतं. त्यांच्या मुलाने तोवर ना नामनिर्देशित म्हणून अर्ज केला होता ना वारस म्हणून, त्यामुळे त्या सदनिकेला सभेच्या दिवशी सभासदच नव्हता. सव्वीसमधून दोन गेले. राहिले २४, आणि २४ चे दोन-तृतीयांश १६. पत्रातले १८ तिथेच बारगळले. (तसंही २६ चे दोन-तृतीयांश १७.३३ होतात, म्हणजे माणसं १८. तेवढं त्यांचं गणित बरोबर होतं.)

थकबाकीदारांबद्दल काकांनी एक सूचना केली होती: "ज्यांनी मेंटेनन्स भरलेला नाही त्यांना एकूणमधून वगळा, मग कोरम आणखी खाली येईल." तसं करता येत नाही. थकबाकी असल्याने माणूस समितीच्या निवडणुकीला अपात्र होऊ शकतो, पण तो सभासद राहतोच. एकूण संख्येत तो येतो आणि सभेला आला तर हजेरीतही येतो.

आता हजेरीपटावरच्या १९ सह्या. त्या मी एकेक करून नोंदवहीशी जुळवल्या. चौथ्या मजल्यावरच्या एका सदनिकेसमोर नवरा-बायको दोघांच्या सह्या होत्या. दोघंही भाग प्रमाणपत्रावर, नवऱ्याचं नाव पहिलं. संयुक्त सभासदांमध्ये मत पहिल्या नावाचं, तो नसेल तर दुसऱ्याचं. मी २४ हा आकडा काढताना प्रत्येक संयुक्त जोडी एकच धरली होती, तेव्हा हजेरीतही ती एकच धरायला हवी. एकूण काढताना घर मोजायचं आणि हजेरी घेताना डोकी मोजायची, हे चालणार नाही. १८ उरल्या.

वारलेल्या काकांच्या मुलाने सही केली होती. बिचारा चांगल्या मनाने आला होता, पण सभासद नव्हता. १७.

तळमजल्यावरची सदनिका सभेच्या महिनाभर आधी विकली गेली होती. नव्या मालकाने नोंदणीकृत करारनामा केला, राहायलाही आला, सभेला येऊन सही केली. हस्तांतरणाचा अर्ज मात्र समितीपुढे आलाच नव्हता. करारनामा नोंदवला म्हणजे सदनिका मिळते, सभासदत्व नाही. त्यासाठी अर्ज, विहित नमुन्यांतली कागदपत्रं, प्रवेश फी, हस्तांतरण शुल्क आणि समितीचा ठराव लागतो. तोपर्यंत नोंदवहीत नाव जुन्याच मालकाचं. म्हणून एकूण २४ मध्ये जुना मालक मोजला जातो आणि हजेरीत नवा मालक मोजला जात नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण नोंदवही तसंच सांगते. १६.

राहिली एक सही, जिच्यावर सगळं अडलं होतं. पाचव्या मजल्यावरच्या बाई दुबईला असतात, त्यांच्या वतीने भाऊ आला होता. जुन्या पद्धतीने आमच्याकडे 'घरचा कोणीही आला तरी चालतो' असं मानत. २०१९ च्या प्रकरणात सहयोगी सभासदाची व्याख्या नेमकी आहे: नवरा, बायको, आई, वडील, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाऊ, बहीण, पुतण्या-भाचा, पुतणी-भाची यांच्यापैकी कोणी, ज्याचं नाव भाग प्रमाणपत्रावर नाही, ज्याला सभासदाच्या लेखी शिफारशीवरून दाखल करून घेतलंय, आणि जो सभासदाची लेखी पूर्वसंमती घेऊन त्याचे हक्क बजावतो. म्हणजे तीन गोष्टी पाहायच्या: नातं बसतं का, सहयोगी म्हणून दाखल केल्याचा समितीचा ठराव आहे का, आणि संमतीपत्र सभेच्या आधीच्या तारखेचं आहे का. भाऊ यादीत बसत होता. दाखल केल्याचा ठराव आदल्या वर्षीच्या इतिवृत्तात होता. संमतीपत्र मिळायला मात्र वेळ लागला. ते बाईंनी ईमेलने पाठवलं होतं, काकांनी छापून आवक नोंदवहीत चढवलं होतं, आवक क्रमांकासह, सभेच्या नऊ दिवस आधीच्या तारखेला. काकांची ती एक सवय, आलेला प्रत्येक कागद आवकमध्ये चढवायची. त्या सवयीवर एक वर्षाचा ठराव तरला. ते पत्र नसतं तर हजेरी १५ झाली असती.

सोळापैकी सोळा. काठावर, पण कोरम होता. म्हणजे खरे मालक सोळा होते हे पत्र लिहिणाऱ्यांचं म्हणणं बरोबर निघालं, फक्त लागणारे अठरा नव्हते. आणि काकांची सभा वैध ठरली, तरी एकोणीस सह्यांमुळे नाही.

एरवी आम्हाला एवढं खोदावं लागलंही नसतं. उपविधींत सोय आहे, की ठरल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करायची आणि त्याच दिवशी पुढच्या वेळी घ्यायची, पण ती वेळ सूचनेत आधीच लिहिलेली असेल तरच. नाहीतर पुढची तारीख, सात दिवसांच्या आधी नाही आणि तीस दिवसांच्या नंतर नाही. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, विषय मात्र मूळ सूचनेतलेच. दरवर्षीच्या सूचनेत शेवटी ते वाक्य असायचं. गेल्या वर्षी सूचना नव्याने टाइप करताना ते राहून गेलं. त्यात इतिवृत्तात सभा सुरू झाल्याची वेळ सूचनेतल्या वेळेनंतर दहा मिनिटांची. म्हणजे ती पहिलीच सभा, आणि कोरम पूर्ण असणंच भाग होतं. आता मी सूचनेचा मसुदा वहीत लिहूनच ठेवलाय, तळाच्या वाक्यासकट.

त्याच पानावर सूचनेच्या दिवसांचं गणितही आहे. वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची सूचना लागते, विशेष सभेला ५. 'पूर्ण' याचा अर्थ सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही धरायचे नाहीत. सभा २८ सप्टेंबरला असेल तर सूचना उशिरात उशिरा १३ तारखेला सर्वांच्या हातात पडायला हवी. १४ ते २७ हे मधले चौदा दिवस. चौदाला वाटली तर एक दिवस कमी पडतो. आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, म्हणून सूचना लिहायला बसायचं ते सप्टेंबर उजाडायच्या आधी.

निवडणुकीच्या नियमांना मी सर्वात शेवटी हात लावला, कारण तिथे उपविधी, कायदा आणि निवडणूक नियम अशी तीन पुस्तकं एकावर एक ठेवावी लागतात. आमच्या कामाचं तेवढं घेतलं. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थेची निवडणूक संस्थेच्याच पातळीवर होते. समितीची मुदत पाच वर्षं. मतदार निवडून देतात ते समिती सदस्य. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची निवड समिती आपल्यातून करते. हे वाक्य मी अधोरेखित केलं, कारण आमच्याकडे दर निवडणुकीला कोणीतरी 'मी चेअरमनसाठी उभा' म्हणून अर्ज आणतो.

थकबाकीवरून उमेदवाराला अपात्र ठरवायचं तर बिल किंवा मागणीची नोटीस त्याच्यावर बजावल्यानंतर तीन महिने उलटले पाहिजेत. लेटरबॉक्समध्ये टाकलेल्या बिलाला पोच नसेल, तर बजावलं म्हणजे काय इथून वाद सुरू होतो. यंदापासून बिलं पोच घेऊनच द्यायची, असं ठरवून घेतलं.

समितीच्या आकाराचा तक्ता उपविधींत आहे. शंभरपर्यंत सभासद असतील तर ११ जागा: सर्वसाधारण ६, महिला २, अनुसूचित जाती-जमाती १, इतर मागास वर्ग १, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग १. चोवीस सभासदांतून अकराजण समितीत, म्हणजे जवळजवळ निम्मी इमारत. हा तक्ता लहान संस्थांचा विचार करून केलेला नाही, हे माझं मत. आमच्याकडे अर्ज आले आठच, तीन राखीव जागा रिकाम्या राहिल्या. तक्त्यात अकराच्या समितीची गणपूर्ती ६ दिली आहे. २०१९ च्या तरतुदीनुसार उमेदवार नसल्याने रिकाम्या राहिलेल्या राखीव जागा गणपूर्तीसाठी धरायच्या नाहीत, म्हणजे आठांचं साधं बहुमत, ५. आमच्या वहीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांत वेगवेगळे आकडे आले असा हा एकमेव नियम. नवे अध्यक्ष म्हणाले, "पाचावर चालतंय ना, मग पाचच धरूया." मी वहीत दोन्ही लिहिले आणि उपनिबंधक कार्यालयाला विचारणा करणारं पत्र पाठवू या म्हटलं. उत्तर येईपर्यंत सहाजण असतील तरच पैशांचे ठराव घ्यायचे, असं ठरलं. सहाजण आले तर दोन्ही हिशोबांनी सभा वैध, मग वाद कशाला ओढवून घ्या.

वहीच्या मागच्या पानावर एक नोंद वेगळी ठेवलीय: पुनर्विकासाचा विषय आला तर उपविधींतलं 'किंवा २०' विसरायचं. त्यासाठी कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय बघायचा. तिथे एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश हजर लागतात, मग संस्था कितीही मोठी असो. आम्हाला आकडा तोच येतो, १६, पण शेजारच्या ६० सदनिकांच्या सोसायटीला वीसऐवजी ४० माणसं जमवावी लागतील.

तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदांना उत्तर दोन पानी गेलं. सोबत २४ नावांची यादी, आणि हजेरीपटावरच्या प्रत्येक सहीसमोर ती धरली की नाही आणि का. नवीन मालकाचा हस्तांतरण अर्ज आणि वारलेल्या काकांच्या वारसांचा अर्ज पुढच्या समिती सभेच्या विषयपत्रिकेवर घेतले आहेत. ते मंजूर झाले की वारसांची सदनिका पुन्हा मोजली जाईल. मग एकूण सभासद २५, दोन-तृतीयांश १६.६७, आणि यंदाच्या वार्षिक सभेला १७ माणसं लागतील.